टेलरकाकांची मुलाखत आणि ‘सहावा भाग’: मापांमधून गणिताचा प्रकल्प कसा उभा करायचा

मी शाळेत गणित शिकवते. दरवर्षी माझ्याकडे ‘शिंपीकाम आणि गणित’ या नावाचे चार-पाच प्रकल्प येतात, आणि ते जवळजवळ सगळे सारखेच असतात. मुखपृष्ठावर टेपचं चित्र, आत टेलरकाकांना विचारलेले दहा प्रश्न, एका शर्टाच्या मापांची यादी आणि शेवटी ‘यावरून असे दिसते की शिंपी बेरीज, वजाबाकी व भागाकार वापरतात’. मुलांनी मेहनत घेतलेली असते, पण त्यात प्रकल्प नसतो. शोधायला काही नव्हतंच, त्यामुळे सापडलंही काही नाही.

दोन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने पहिल्यांदा असंच काहीतरी आणलं. मी ते परत दिलं. तीन आठवड्यांनी तो जे घेऊन आला त्यात एक खरा प्रश्न होता, मोजलेलं उत्तर होतं आणि ते उत्तर कुठवर चालतं हेही होतं. मधल्या काळात तो कुठे अडला आणि कसा सुटला हे मी जवळून पाहिलं, म्हणून त्याच्याच वाटेने हे टप्पे मांडते.

## टप्पा १ : दुकानात जाण्याआधी

आधी वेळ ठरवा. जूनमध्ये युनिफॉर्मची गर्दी असते, दिवाळीआधी महिनाभर आणि लग्नसराईत कुठल्याच टेलरला मान वर करायला फुरसत नसते. या दिवसांत गेलात तर दोन वाक्यांत उत्तरं मिळतील. एरवी दुपारी तीनच्या सुमाराला जा. आदल्या दिवशी नुसतं विचारून या, “काका, उद्या अर्धा तास बसू का? तुम्ही कापताना बघायचं आहे.” ‘मुलाखत’ हा शब्द वापरू नका. तो ऐकला की माणूस सावरून बसतो आणि भाषण द्यायला लागतो.

दुसरी तयारी घरच्या टेपची. कापडी किंवा फायबरचा टेप वर्षानुवर्षं ओढून लांबतो. शाळेच्या स्टीलच्या पट्टीला लावून बारा इंच जुळतात का ते पाहा. टेपचा शून्य धातूच्या टोकापासून सुरू होतो, पण बऱ्याच पट्ट्यांवर शून्याची खूण कडेपासून थोडी आत असते. जुळवताना कड कडेला लावली तर चांगला टेपही चुकीचा वाटेल.

तिसरी तयारी इंचाचे तुकडे ओळखण्याची. शाळेत आपण सेंटिमीटर वापरतो, टेलर इंच वापरतात. इंचाचे आठ भाग केले की एकेक भाग म्हणजे एक सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, सहा सूत म्हणजे पाऊण. ‘सव्वातीन’, ‘पावणेचार’, ‘साडेचौदा’ हे शब्द कानावर पडले की लगेच टेपवर बोट ठेवता आलं पाहिजे. आजकालच्या मुलांना पावणेचार म्हणजे तीन पूर्णांक तीन चतुर्थांश की चार पूर्णांक काहीतरी, इथेच गोंधळ होतो. घरी आजी असेल तर तिच्याकडून दहा मिनिटं सराव करून घ्या.

तपासा : डोळे मिटून टेपवर कुठेही बोट ठेवा आणि ते माप मोठ्याने म्हणा. दहापैकी नऊ वेळा बरोबर आलं की दुकानात जायला हरकत नाही.

## टप्पा २ : विचारण्याआधी बघा

आमच्या मुलाने पहिल्या खेपेला छापील प्रश्न नेले होते. पहिला प्रश्न होता, “काका, तुम्ही तुमच्या कामात गणिताचा वापर कसा करता?” काका म्हणाले, “गणित कुठलं आलं बाळा? सातवीत सोडली शाळा. आमचा सगळा अंदाज.” आणि मुलाने वहीत लिहिलं : *टेलर गणित वापरत नाहीत, अंदाज वापरतात.* मुलाखत तिथेच संपली.

ज्याचा हात चाळीस वर्षं हिशेब करतोय त्याला तो हिशेब वाटत नाही. म्हणून ‘गणित’ हा शब्द काढूच नका. एखादा कपडा कापायला सांगा आणि कापताना ‘आता काय केलंत?’ एवढंच विचारत राहा.

कपडाही नीट निवडा. शर्टात मापं खूप असतात आणि प्रत्येक टेलरची रीत वेगळी, त्यामुळे मूल आकड्यांत हरवतं. दुसऱ्या खेपेला मी त्याला सांगितलं, धाकट्या बहिणीच्या अंब्रेला फ्रॉकचं कापड घेऊन जा. अंब्रेला घेर पूर्ण गोल असतो. मधे कमरेसाठी एक गोल भोक, बाहेर मोठा गोल. त्यात एकच माप महत्त्वाचं असतं, ते म्हणजे कंबर.

काकांनी टेबलावर कापड पसरलं, आधी उभी आणि मग आडवी घडी घालून चार पदर केले. ज्या कोपऱ्यात दोन्ही घड्या मिळतात तिथे टेपचं धातूचं टोक दाबून धरलं, टेप पंख्यासारखा फिरवत खडूने सात-आठ खुणा केल्या आणि त्या खुणा एका कमानीने जोडल्या. तेवढ्यात संवाद झाला तो असा :

“काका, टोकापासून किती घेतलं?”

“कंबर चोवीस. तिचा सहावा भाग घ्यायचा, चार. त्यातून अर्धा इंच कमी.”

“अर्धा का कमी?”

“शिलाईत जातो की! कापलेल्या कडेपासून अर्धा इंच आत टाका पडतो. चारावर कापलं तर शिवून झाल्यावर भोक साडेचारावर जाईल.”

“आणि सहावाच भाग का?”

काका थांबले. “का म्हणजे? गुरूंनी सांगितलं तसं. बरोबर बसतं.”

या शेवटच्या उत्तरापाशी वहीत मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवा. ‘तसंच करतात’, ‘बरोबर बसतं’, ‘हाताला कळतं’ असं टेलर जिथे म्हणेल तिथेच प्रकल्पाला जागा असते. बाकीची उत्तरं माहिती म्हणून ठीक आहेत.

सावधान : टेलरच्या मापांच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं आणि शरीराची मापं असतात. ती उतरवून घेऊ नका, तिचा फोटो काढू नका. लागतील ती मापं घरच्या माणसांची घ्या, तीही विचारून.

## टप्पा ३ : त्याच रात्री वही साफ करा

हे काम दुसऱ्या दिवसावर टाकलं की अर्धी मुलाखत वाया जाते. आमच्या मुलाची जवळजवळ गेलीच होती.

काकांनी कापडाच्या कोपऱ्यात खडूने एक आकडा लिहिला होता. मुलाने तो जसा दिसला तसा उतरवला : ३१. घरी बसल्यावर त्याला काही सुधरेना. कंबर चोवीस, सहावा भाग चार, अर्धा गेला की साडेतीन, मग एकतीस कुठून आले? तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे वही घेऊन आला तेव्हा मला हसू नाही, आनंद झाला. तो एकतीस नव्हताच. ते होतं ‘३।’, म्हणजे सव्वातीन.

जुन्या पिढीतले टेलर आणि दुकानदार आजही अपूर्णांक उभ्या दांड्यांनी लिहितात. एक दांडी म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘१४॥’ म्हणजे साडेचौदा. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘१४॥’ला चौदाशे अकरा वाचेल. म्हणून टेलरने लिहिलेला प्रत्येक आकडा तिथल्या तिथे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि शेजारी अक्षरांत लिहा.

आता खरी गंमत पाहा. काका तोंडाने म्हणाले, सहावा भाग वजा अर्धा, म्हणजे साडेतीन. पण त्यांच्या हाताने खूण केली सव्वातीनवर. बोलण्यात आणि करण्यात पाव इंचाचा, दोन सुतांचा फरक होता. वही त्याच रात्री उघडली नसती आणि ते एकतीस खोडून टाकलं असतं, तर हे कधीच हाती लागलं नसतं.

हा फरक शोधण्यासाठी वहीच्या पानाचे उभे दोन भाग करा. डावीकडे टेलर जे *म्हणाले* ते, उजवीकडे त्यांनी जे *केलं* ते. दोन्ही बाजू जुळतात तिथे पुढे चला. जुळत नाहीत तिथे थांबा. टेलर खोटं बोलत नसतात. नियम सांगताना ते सोपा करून सांगतात, आणि दुरुस्ती हाताने आपोआप करतात.

## टप्पा ४ : एकच प्रश्न निवडा

दोन-तीन प्रश्न हाताशी आले की मुलं सगळेच घेतात. एका अंब्रेला फ्रॉकमधून निदान तीन प्रकल्प निघतात : ४४ इंच पन्ह्यात किती लांबीचा घेर बसतो, चौकोनी कापडातून गोल कापल्यावर किती वाया जातं, आणि कमरेच्या भोकाचा हिशेब. तिन्ही चांगले आहेत, पण एकाच फायलीत कोंबले की एकही पुरा होत नाही.

प्रश्न असा हवा की उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा येईल, आणि ते घरी मोजून तपासता येईल. आमच्या मुलाने पहिल्यांदा लिहिलं, ‘शिंपीकामात वर्तुळाचे महत्त्व’. हा प्रश्नच नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, ‘कमरेचा सहावा भाग त्रिज्या म्हणून घेतला तर भोक कमरेएवढंच होतं का? नसेल तर किती फरक पडतो, आणि टेलर तो कसा भरून काढतात?’ हे वाचून मी सही केली.

तपासा : प्रश्न वाचून घरातल्या कुणालाही ‘मग काय मोजशील?’ असं विचारायला सांगा. तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं नाही तर प्रश्न अजून मोठा आहे.

## टप्पा ५ : कागदावर कापून मोजा

आधी सूत्राकडे धावू नका. सातवी-आठवीच्या मुलाला परीघ = २ × π × त्रिज्या हे पाठ असतं, त्यामुळे तो थेट उत्तर लिहून मोकळा होतो आणि मोजायचं राहून जातं. आधी मोजा, मग सूत्राशी ताडून पाहा.

मापं निवडताना पहिली चूक होते. आमच्या मुलाने घरातल्या माणसांच्या खऱ्या कमरा घेतल्या : २०, २५, ३४. विसाचा सहावा भाग ३.३३. टेपवर ती खूण कुठे करणार? त्याने डोळ्याने केली आणि सगळे आकडे वेडेवाकडे आले. सुरुवातीला सहाने नि:शेष भाग जाणारी मापं घ्या : १८, २४, ३० आणि ३६. त्यांचे सहावे भाग ३, ४, ५ आणि ६ इंच. टेपवर नेमकी खूण करता येते आणि चूक झालीच तर कुठे झाली ते कळतं.

प्रत्येक मापासाठी चौदा इंच बाजूचा खाकी कागद कापून घ्या. वर्तमानपत्राचा कागद नको, तो फाटतो आणि कड मऊ पडते. मग काकांनी केलं तसंच करा : आधी उभी घडी, मग आडवी, घडीवर नखाने दाब द्या. दोन घड्या मिळतात तो कोपरा म्हणजे वर्तुळाचा केंद्रबिंदू. चार सुट्या कडा जिथे एकत्र येतात तो कोपरा चुकून धरलात, तर उलगडल्यावर भोकाऐवजी कागदाचे चारही कोपरे गोलाकार कापलेले दिसतील.

टेपचा शून्य नेमका कोपऱ्यावर ठेवून निदान आठ खुणा करा. इथे शिलाईचा अर्धा इंच धरायचा नाही, कारण आपण नुसता सहावा भाग तपासतोय. दोनच खुणा करून सरळ रेघ मारली तर भोक चौकोनी होतं आणि परीघ बराच कमी भरतो. खुणा जितक्या जास्त तितकी कमान खरी.

कापून उलगडल्यावर भोकाची कड मोजायची आहे. टेप आडवा ठेवलात तर तो वळत नाही, सुरकुत्या पडतात. टेप उभ्या धारेवर धरा आणि कडेला चिकटवत फिरवा. एकट्याने जमत नाही, दुसऱ्याला टोक धरायला सांगा. एकच पाव मोजून त्याला चाराने गुणू नका, कारण एका पावातली एका सुताची चूक चारपट होऊन अर्धा इंच होते. प्रत्येक भोक तीन वेळा मोजा आणि मधलं माप घ्या.

आमच्या मुलाला मिळालेली मापं आणि सूत्राने आलेली मापं अशी होती, सगळी इंचांत :

| कंबर | सहावा भाग | मोजलेला परीघ | सूत्राने परीघ | सूत्राने किती जास्त |
|---|---|---|---|---|
| १८ | ३ | १९ | १८.८५ | ०.८५ |
| २४ | ४ | २५। | २५.१३ | १.१३ |
| ३० | ५ | ३१॥ | ३१.४२ | १.४२ |
| ३६ | ६ | ३७॥। | ३७.७० | १.७० |

मोजलेली मापं त्याने मुद्दाम दांड्यांत लिहिली. मला ते आवडलं, म्हणून तसंच ठेवलंय.

सावधान : मोजलेलं माप आणि सूत्राचं माप दशांशापर्यंत तंतोतंत जुळलं, तर परीक्षकाला पहिला संशय येतो की मोजलंच नाही. एक-दोन सूत फरक राहणारच. तो लपवू नका.

## टप्पा ६ : तक्ता वाचा

बहुतेक मुलं तक्त्यावर थांबतात. ‘यावरून फरक दिसतो’ असं लिहून पान उलटतात. तक्त्याला निदान तीन गोष्टी विचारा.

पहिली : फरक सगळीकडे एकाच दिशेचा आहे का? आहे, भोक दर वेळी मोठंच झालं. म्हणजे ही हाताची चूक नाही, कारण हाताची चूक कधी कमी, कधी जास्त येते. ही नियमातली चूक आहे.

दुसरी : फरक ठरावीक आहे की कमरेबरोबर वाढतो? वाढतो. १८ला पाऊण इंचाच्या थोडा वर, ३६ला त्याच्या बरोबर दुप्पट. जास्तीच्या मापाला कमरेने भागा, चारही ओळींत ०.०४७ येतं. आलेख काढला तर आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेघ मिळते. आठवीत शिकवलेलं समचलन ते हेच, फक्त उदाहरण मुलाने स्वतः कापून काढलेलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची : *सहाच* का? इथे आमचा मुलगा दोन दिवस अडला होता. मी उत्तर सांगितलं नाही, कंपास घ्यायला सांगितला. चार इंच त्रिज्येचं वर्तुळ काढ आणि तोच कंपास न हलवता परिघावर खुणा करत जा. सहा खुणांनंतर कंपास सुरुवातीच्या जागी येतो. पाकळ्यांचं फूल काढताना प्रत्येकाने हे केलेलं असतं. आता त्या खुणा सरळ रेघांनी जोडल्या की षट्कोन होतो, आणि त्याच्या सहाही बाजू त्रिज्येएवढ्याच, म्हणजे परिमिती बरोबर २४ इंच.

म्हणजे ‘सहावा भाग’ हा नियम खोटा नाही. तो षट्कोनासाठी तंतोतंत खरा आहे. पण कात्री षट्कोन कापत नाही, कमान कापते, आणि कमान तिच्या सरळ बाजूपेक्षा थोडी लांब असते. चोवीसच्या कमरेत त्या सहा कमानींची जास्तीची लांबी मिळून ते १.१३ इंच होतात. वर्तुळासाठी सहाऐवजी ६.२८ने भागायला हवं, कारण २ × ३.१४. पण दुकानात ६.२८ने कोण भागणार?

## टप्पा ७ : पुन्हा दुकानात

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. पहिल्या भेटीत तुम्ही विचारायला जाता. दुसऱ्या भेटीत हातात तक्ता असतो आणि बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं.

जाण्याआधी मुलाने काकांच्या सव्वातीनचा हिशेब करून ठेवला होता. सव्वातीनवर कापलं आणि अर्धा इंच आत शिवलं की शिलाई पावणेचारावर येते. तिचा परीघ २३.५६, म्हणजे कमरेपेक्षा जेमतेम साडेतीन सूत कमी. नुसत्या नियमाने साडेतीनवर कापलं असतं तर एक इंच जास्त झालं असतं. काकांचा हात नियमापेक्षा बरोबर उत्तराच्या जवळ होता.

आणखी एक हिशेब त्याला हाती लागला होता, आणि तो प्रत्येकाने करून बघावा. त्रिज्या एक सूत कमी केली की परीघ ०.७९ इंच, म्हणजे जवळजवळ पाऊण इंच कमी होतो. कंबर कितीही असो, हा आकडा बदलत नाही. यावरून तक्त्यातली जास्ती किती सूत कमी केल्यावर निघेल ते काढता येतं : १८ला साधारण एक सूत, २४ला दीड, ३० आणि ३६ला दोन.

तो काकांकडे गेला आणि विचारलं, “काका, तुम्ही साडेतीन म्हणालात आणि खूण सव्वातीनवर केलीत. ते दोन सूत कशाचे?”

काकांनी आधी मानलंच नाही. मग स्वतःच कापड घेतलं, खूण केली, टेप लावला. सव्वातीन. बराच वेळ टेपकडे बघून म्हणाले, “हा थोडा आतच ठेवतो मी. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही.”

“सगळ्यांना दोनच सूत?”

“छे, अगदी लहान पोरीला एकच. नाहीतर डोक्यातून जाईना.”

मुलाने तक्त्यातली १८ची ओळ पुढे केली. तिथे एक सूत लिहिलेलं होतं.

भेटीत हे नक्की घडायला हवं : तुम्ही काढलेलं उत्तर टेलरच्या भाषेत सांगा. ‘४.७ टक्के त्रुटी’ म्हणू नका, ‘चोवीसला दीड सूत’ म्हणा. त्यांना ते लगेच तपासता येईल आणि चूक असेल तर तिथेच दाखवतील. काकांनी दाखवलीच. म्हणाले, चोवीसला दीड हिशेबाने बरोबर असेल, पण मी दोनच घेणार, कारण गोल कडेवर काही ठिकाणी धागा तिरका येतो आणि तिरका धागा हाताखाली ताणतो. ते तीन-चार सूत कापड स्वतःच भरून काढतं.

कागदावरच्या प्रयोगात हे कधीच दिसलं नसतं. मुलाने काकांकडून सुती कापडाचा एक उरलेला चौकोन मागून घेतला आणि घरी त्यावर पावणेचार त्रिज्येचं भोक कापलं. नुसतं ठेवून मोजलं तेव्हा साडेतेवीसच्या आसपास आलं. कड बोटांनी हळूच ओढत मोजलं तेव्हा चोवीसच्या वर गेलं. काठ सरळ धाग्यावर होता तिथे कापड हललं नाही, तिरक्या धाग्यावर सगळं ताणलं गेलं.

## टप्पा ८ : लिहिताना

फायलीचं पहिलं पान प्रश्नाचं, दुसरं पद्धतीचं. आभार, प्रस्तावना, ‘π चा इतिहास’ यांनी पहिली चार पानं भरू नका. परीक्षकाच्या हातात एका फायलीसाठी पाच-सात मिनिटं असतात.

पद्धत अशी लिहा की दुसऱ्या मुलाला ती वाचून तेच कागद कापता येतील : कागद कुठला, कुठला कोपरा, किती खुणा, टेप कसा धरला, किती वेळा मोजलं. कापलेले चार कागद घडी घालून फायलीत लावा. परीक्षकांनी ते उलगडून बघितले पाहिजेत. आधी चुकलेले कागदही एका पाकिटात ठेवा. २५च्या कमरेचा तो वेडावाकडा कागद आमच्या मुलाने ‘का फसलं’ हे लिहून जोडला होता, आणि तोंडी परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्याच्यावरच आले.

‘टेलर चुकतात’ असं लिहू नका. ते वाक्य खरं नाही आणि ज्यांनी दोन दुपारी दिल्या त्यांच्याशी ते बरं नाही. त्यांचा सांगितलेला नियम किती पुरतो आणि त्यांचा हात त्यात काय भर घालतो, हे आकड्यांत लिहा. टेलरकाकांचं नाव घालायचं असेल तर विचारून घाला. आमच्या काकांना नाव नको होतं, पण त्यांनी दुसरं एक मागितलं, १८पासून ३६पर्यंत किती सूत कमी करायचं त्याची पट्टी. मुलाने ती पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दिली, अपूर्णांक दांड्यांत. चोवीसच्या समोर त्याने आधी दीड लिहिलं होतं. काकांनी ते खोडायला लावून दोन करून घेतलं, आणि फायलीतल्या प्रतीवर मुलाने दोन्ही आकडे ठेवले : कागदाला दीड, कापडाला दोन.